पंचवीस पानांचा लेख, चार पानांचा सोबती



आमच्या रामवाडीच्या रविवारच्या अभ्यासवर्गात यंदा एक नवे काम हाती घेतले आहे. बाबासाहेबांचा एक लेख, जो त्यांनी भाषण म्हणून नव्हे, पुस्तक म्हणूनही नव्हे, तर अर्थशास्त्राच्या नियतकालिकासाठी लिहिला, तो अकरावी-बारावीच्या आणि कॉलेजात नुकत्याच गेलेल्या मुला-मुलींकडून मुळातून वाचून घ्यायचा. त्यासाठी एक छोटी पुस्तिका आम्ही तयार केली. ती कशी केली ते सविस्तर लिहावे असे आसपासच्या दोन-तीन शाखांच्या कार्यकर्त्यांनी सुचविले, म्हणून हा लेख.

मूळ लेख १९१८ सालचा आहे. 'भारतातील लहान धारणक्षेत्रे व त्यांवरील उपाय' असे त्याच्या इंग्रजी नावाचे मराठी करता येईल. 'जर्नल ऑफ द इंडियन इकॉनॉमिक सोसायटी'च्या पहिल्या खंडात तो छापून आला. बाबासाहेब तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक म्हणून रुजू झाले. महाराष्ट्र शासनाने १९७९ साली वसंत मून यांच्या संपादनाखाली जो पहिला इंग्रजी खंड काढला, त्याच्या शेवटच्या भागात हा लेख आहे. हा खंड आपल्यापैकी अनेकांकडे आहे. त्यातले जातिसंस्थेवरचे निबंध वाचले जातात, आणि शेतीवरच्या या पंचवीसेक पानांपाशी बहुतेकांचा हात थांबतो. आमच्या पेण-रोह्याच्या मुलांचे आजे-पणजे ज्या खाचरांत राबले, त्याच विषयावरचा हा लेख असूनही!

अडचण इंग्रजीची आहे हे खरे, पण ती दुय्यम आहे. शब्दकोश घेऊन बसले की शब्द सुटतात. खरी अडचण आहे ती अशा नियतकालिकातल्या लेखाच्या रचनेची. विद्वान मंडळींसाठी लिहिणारा माणूस आपले मत पहिल्या पानावर सांगत नाही. आधी इतरांनी काय म्हटले ते तो मांडतो, नीट मांडतो, त्यांची बाजू लंगडी वाटणार नाही अशा रीतीने मांडतो आणि मग ते खोडून काढतो. या लेखात मुंबई प्रांताचे शेतकी संचालक किटिंग आहेत, पुण्याच्या शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरोल्ड मान आहेत, अलाहाबादचे प्रा. जेव्हन्स आहेत, बडोदे संस्थानची समिती आहे. मुलगा वाचता वाचता पेन्सिलीने खुणा करतो, आणि शेवटी कळते की त्याने ज्या ओळींखाली रेघ मारली त्या बाबासाहेबांच्या मताच्या नव्हेत, ज्यांना बाबासाहेब उत्तर देत आहेत त्यांच्या मताच्या आहेत. उद्या हाच मुलगा जयंतीच्या व्यासपीठावर उभा राहून किटिंगसाहेबांचे मत बाबासाहेबांच्या नावावर सांगेल, आणि टाळ्याही घेईल.

म्हणून आमच्या पुस्तिकेचे पहिले काम ठरले ते हे की, कोण बोलते आहे ते वाचणाऱ्याला पावलोपावली कळले पाहिजे. लेखाच्या झेरॉक्स प्रतीवर आम्ही प्रत्येक परिच्छेदाला पेन्सिलीने क्रमांक दिले. मग समासात एक अक्षर लिहिले. किटिंगसाठी 'कि', मानसाठी 'मा', जेव्हन्ससाठी 'जे', बडोद्यासाठी 'बडो' आणि जिथे बाबासाहेब स्वतःचे म्हणणे मांडतात तिथे 'बा'. हे काम आम्हा तिघांना दोन संध्याकाळ पुरले. कुठे कुठे एकाच परिच्छेदाची सुरुवात दुसऱ्याच्या मताने होते आणि शेवट बाबासाहेबांच्या आक्षेपाने होतो, तिथे मधोमध आडवी रेघ ओढली. एवढे झाल्यावर लेखाचा सांगाडा डोळ्यांपुढे उभा राहिला. पूर्वार्धात 'बा' तुरळक आहे, उत्तरार्धात ते दाट होत जाते. मुलांना ही अक्षरे आम्ही आयती दिली नाहीत. पहिल्या चार पानांची दिली, पुढची त्यांनी स्वतः भरायची.

आता वाचण्यापूर्वीच्या प्रश्नांकडे येतो. हे प्रश्न कशासाठी असतात, तर लेखक ज्या गोष्टीबद्दल बोलणार आहे तिच्याविषयी वाचणाऱ्याच्या डोक्यात आधीपासून काय आहे ते कागदावर यावे म्हणून. 'शेतीचे महत्त्व सांगा' हा असा प्रश्न नव्हे. त्याला पाठ केलेले उत्तर येते. घरी विचारल्याशिवाय ज्याचे उत्तर देता येत नाही, तो प्रश्न चांगला.

आमच्या चर्चेत पहिला प्रश्न असा सुचला होता की, आजोबांच्या नावावर किती गुंठे जमीन होती आणि आज सातबाऱ्यावर किती जणांची नावे आहेत. प्रश्न लेखाला धरून आहे यात शंका नाही. परंतु आमच्या वर्गातल्या निम्म्याहून अधिक घरांत सातबाराच नाही. ज्याच्या घरी जमीन आहे तो भराभर लिहिणार आणि बाकीचे कागद कोरा ठेवून खाली पाहणार. म्हणजे लेख उघडण्याआधीच तो आपल्यासाठी नाही असे त्यांना वाटणार. तेव्हा प्रश्न फिरवून घेतला. 'तुमच्या घरातले किंवा नात्यातले कोणी शेतात काम करत असेल, स्वतःच्या वा दुसऱ्याच्या, तर वर्षातले किती दिवस काम असते? उरलेल्या दिवसांत ते माणूस काय करते?' याचे उत्तर प्रत्येक घरात आहे. आणि गंमत अशी की, लेखाचे मर्म जमिनीच्या गुंठ्यांपेक्षा याच प्रश्नात आहे, ते पुढे येईलच. एका मुलीने आजीला विचारून लिहून आणले की लावणीचे आणि कापणीचे मिळून अडीच महिने, त्यानंतर वीटभट्टी, आणि भट्टी नसेल तर 'बसून खायचे'. हे 'बसून खायचे' शब्द आम्ही तिला जपून ठेवायला सांगितले.

दुसरा प्रश्न एका शब्दावर आहे. 'अमक्याला शेती परवडते' किंवा 'परवडत नाही' असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय मोजतो? घरातल्या मोठ्यांना विचारा आणि त्यांचेच शब्द लिहा. उत्तरे दोन तऱ्हांची आली. काहींनी सांगितले, वर्षाचे भात घरात आले म्हणजे परवडले. काहींनी सांगितले, बियाणे, खत, मजुरी वजा जाऊन काही हातात उरले म्हणजे परवडले. ही दोन मोजमापे वेगळी आहेत हे मुलांनी आपण होऊन ओळखले नाही, आणि ओळखायची घाईही नव्हती. दोन्ही तऱ्हा फळ्यावर शेजारी शेजारी लिहून ठेवल्या.

तिसरा प्रश्न 'होय' किंवा 'नाही'चा: शेते लहान आहेत म्हणून आपली शेती मागासलेली आहे काय? उत्तर पुस्तिकेतच शाईने लिहायचे, म्हणजे नंतर खोडता येऊ नये. वर्गातील सगळ्यांनी 'होय' लिहिले.

यानंतर महत्त्वाचे शब्द. अशा पुस्तिकांत शब्दांची यादी चाळीस-पन्नासावर नेण्याचा मोह होतो. आम्ही सहाच शब्द घेतले. कसोटी अशी लावली की, ज्या शब्दाचा अर्थ चुकला तर लेखाचाच अर्थ चुकेल तेवढेच शब्द यादीत यावेत. बाकीचे कोशात पाहावेत. धारणक्षेत्र म्हणजे एका कुटुंबाच्या वहिवाटीतली एकूण जमीन. एकत्रीकरण आणि विस्तार हे दोन शब्द जोडीने दिले, कारण लेखातला पहिला भेद तोच आहे. एकाची दोन एकर जमीन पाच ठिकाणी विखुरलेली असेल तर ती एका ठिकाणी आणणे हे एकत्रीकरण. दोनाची चार एकर करणे हा विस्तार. इथे आम्ही शब्दांऐवजी चित्र काढले. एका चौकटीत पाच सुटे तुकडे, दुसरीत एकच लहान तुकडा, तिसरीत मोठा. विखुरलेले आणि लहान हे दोन निरनिराळे रोग आहेत, आणि एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही, हे चित्रावरून चटकन कळते. भांडवल या शब्दाखाली मुद्दाम लिहिले की इथे भांडवल म्हणजे बँकेतला पैसा एवढेच नव्हे, नांगर, बैलजोडी, अवजारे हेही. उत्पादनाचे घटक म्हणजे जमीन, श्रम, भांडवल. आणि पाचवा शब्द रिकामे श्रम.

सहावा शब्द मात्र आम्ही अर्धा कोरा ठेवला. 'इकॉनॉमिक होल्डिंग', म्हणजे परवडणारे धारणक्षेत्र. हा शब्द या लेखाची बिजागरी आहे. त्याचा अर्थ यादीत छापून दिला तर लेख वाचायला उरतच नाही. आणि जर रूढ अर्थ छापला तर बाबासाहेब ज्याच्या विरुद्ध लिहितात तोच अर्थ आपण मुलांना आधी पढवून ठेवतो. म्हणून पुस्तिकेत फक्त दोन ओळी आहेत: 'किटिंग यांच्या मते .......' आणि 'बाबासाहेबांच्या मते .......'. या ओळी ज्याने नीट भरल्या त्याला लेख समजला असे धरायला हरकत नाही. नव्या वर्गासाठी पुस्तिका करणाऱ्यांना आमचे सांगणे एवढेच की, ज्या शब्दावर लेखकाचे भांडण आहे तो शब्द शोधून काढा आणि त्याची जागा रिकामी सोडा.

हे भांडण काय आहे ते आता पाहू. किटिंग यांचे म्हणणे थोडक्यात असे की, ज्या जमिनीवर शेतकऱ्याला खर्च भागवून कुटुंबासह बऱ्यापैकी राहता येईल एवढे पिकते, ते परवडणारे धारणक्षेत्र. ऐकताना ते बरोबरच वाटते, कारण घरोघरी हेच मोजमाप आहे. बाबासाहेब म्हणतात, हे मोजमाप खाणाऱ्याच्या बाजूचे आहे, पिकवण्याच्या बाजूचे नाही. घरात खाणारी तोंडे किती यावरून शेत फायद्यात की तोट्यात हे ठरवणे म्हणजे उरफाटा हिशेब होय. शेत हा धंदा आहे. त्यात घातलेल्या प्रत्येक रुपयामागे काय परतावा आला, यावरून तो जोखला पाहिजे. आम्ही स्वतः बी.कॉम. झालेले आणि जमाखर्चाच्या वह्यांत आयुष्य गेलेले असल्यामुळे असेल, या जागी आम्ही पुस्तिकेत ठळक अक्षरात 'थांबा' असे लिहिले आणि खाली एक हिशेब दिला. त्यातले आकडे कोणाच्या शेताचे नाहीत, हिशेबाच्या सोयीसाठी घेतले आहेत.

सखुबाईंचे शेत एक एकर. वर्षाचा खर्च वीस हजार, उत्पन्न तीस हजार. धोंडूभाऊंचे शेत चार एकर. पण बैलजोडी एकच, आणि राबणारे हातही तेवढेच, त्यामुळे निम्मी जमीन वेळेवर नांगरली जात नाही. खर्च साठ हजार, उत्पन्न बहात्तर हजार. दोन्ही घरांना वर्षाला साठ हजार लागतात. आता सांगा, कोणाचे शेत परवडते?

खाण्याच्या मोजमापाने कोणाचेच नाही. सखुबाईंना दहा हजार उरतात, धोंडूभाऊंना बारा, आणि गरज तर साठची आहे. मुले म्हणाली, धोंडूभाऊ जरा बरे. मग त्यांना शंभर रुपयांमागे काय उरले ते काढायला लावले. सखुबाईंना शंभरामागे पन्नास उरले, धोंडूभाऊंना वीसच. शेत चौपट आणि परतावा निम्म्याहूनही कमी! यानंतर बाबासाहेबांचा तो परिच्छेद वाचायला घेतला, जिथे ते म्हणतात की आपली धारणक्षेत्रे परवडत नाहीत खरी, पण ती फार लहान आहेत म्हणून नव्हे. जवळ असलेल्या नांगर-बैलांच्या मानाने ती फार मोठी आहेत म्हणून. हे वाक्य आधी वाचले असते तर मुलांना छापण्यात चूक झाली असे वाटले असते. हिशेबानंतर ते पटले. जमीन लहान की मोठी हे जमिनीकडे पाहून ठरत नाही, तिच्या जोडीला श्रम आणि भांडवल किती आहे त्याच्या प्रमाणावर ठरते.

इथे एका मुलाने हरकत घेतली, आणि ती चांगली होती. तो म्हणाला, "काका, पण सखुबाईंचे पोट दहा हजारांत कसे भरणार?" आम्ही उत्तर दिले नाही. पुढची तीन पाने वाच म्हणून सांगितले. कारण बाबासाहेबांचे पुढचे प्रतिपादन नेमके त्यावरच आहे. पोट भरत नाही ते शेत लहान म्हणून नव्हे, तर त्या शेताला लागतात त्यापेक्षा जास्त माणसे त्यावर अवलंबून आहेत म्हणून. ही जास्तीची माणसे आळशी नाहीत, त्यांना दुसरीकडे कामच नाही. ती पिकवण्यात भर घालू शकत नाहीत, पण जेवायला तर लागतेच. हेच ते रिकामे श्रम. याच जागी त्या मुलीला आजीचे 'बसून खायचे' हे शब्द वाचून दाखवायला सांगितले. मग औषध काय? वारसांत जमीन वाटण्यास कायद्याने बंदी घातली तर माणसे कमी होत नाहीत, फक्त काहींच्या नावची जमीन जाते आणि ते भूमिहीन होतात. म्हणून बाबासाहेबांचा कौल उद्योगधंद्यांकडे आहे. शेतीवरचा भार कारखान्यांनी उचलला, शिल्लक वाढली, भांडवल शेतीत आले, म्हणजे तुकडे जोडण्याचे कामही सोपे होईल. पुढे १९२७ साली मुंबईच्या कायदेमंडळात लहान धारणक्षेत्रांचे बिल आले तेव्हा त्यांनी त्याला विरोध केला. ते भाषण या लेखानंतर वाचले तर सोपे जाते.

वाचता वाचता विचारायचे प्रश्न आम्ही शेवटी न देता त्या त्या पानाशी दिले. प्रत्येक प्रश्नाला एकच कसोटी लावली: परिच्छेदाचे पहिले वाक्य उतरवून काढले तर उत्तर होते का? होत असेल तर तो प्रश्न काढून टाकायचा. 'किटिंग कोण होते?' हा असा प्रश्न, तो गेला. 'किटिंग यांच्या व्याख्येत कुटुंब हा शब्द नसता तर बाबासाहेबांची हरकत उरली असती काय?' हा राहिला. लेखातले प्रांतवार सरासरीचे कोष्टक मात्र पहिल्या वाचनात सगळ्यांना सोडायला लावले. नंतर दोघांनी ते वर्गाला समजावून सांगायचे, आणि त्यांना एकच इशारा दिला की एकाकडे तीस एकर व नऊ जणांकडे एकेक एकर असली तरी सरासरी जवळजवळ चार येते.

शेवटी चर्चेचे प्रश्न. ते तीनच आहेत, आणि त्यांपैकी एकाचेही उत्तर पुस्तिकेत नाही. बाजारातल्या गाईडमध्ये आणि आमच्या सोबतीत फरक हाच. नुसती पुस्तिका वाचून, मूळ लेख न वाचता, कोणी चर्चेत बोलू शकला तर पुस्तिका बिघडली असे समजावे. आम्ही हे करून पाहिले. वर्गाबाहेरच्या एका कॉलेजच्या मुलाला फक्त पुस्तिका दिली. हिशेब त्याने सोडवला, चर्चेच्या प्रश्नांवर मात्र तो अडला. तेव्हा ती वर्गात वाटली.

पहिला प्रश्न आपल्या तालुक्यांचा. धाटावला औद्योगिक वसाहत आली, १९९० च्या आसपास नागोठण्याला मोठा पेट्रोकेमिकल कारखाना उभा राहिला. १९१८ च्या लेखात जे होईल असे म्हटले आहे, त्यातले काय झाले? शेतीवरची माणसे कमी झाली का, कमी झाली ती कायम नोकरीत गेली की कंत्राटी, आणि राहिलेल्यांची शेते मोठी झाली की जमिनीचे प्लॉट पडले? प्रत्येकाने एका घरी जाऊन विचारून यायचे. दुसरा प्रश्न २००८ चा. पेण तालुक्यातल्या बावीस गावांतील शेतकऱ्यांचे, विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन द्यायची की नाही यावर, शासनाने मत घेतले होते. उद्योग हाच उपाय मानणारा हा लेख हातात धरून त्या दिवशी तुम्ही काय मत दिले असते? लेखातला परिच्छेद क्रमांक सांगितल्याशिवाय बोलायचे नाही, अशी अट आहे. तिसरा प्रश्न जरा कठीण. या लेखात जमिनीचा आकार आहे, बैल आहेत, माणसे आहेत. परंतु जमीन कोणाच्या मालकीची आणि राबणारे कूळ कोण, हा प्रश्न कितपत आहे? शेजारच्या अलिबाग तालुक्यात चरी येथे १९३३ पासून कुळांचा संप सुरू झाला आणि वर्षानुवर्षे चालला, आणि १९३७ साली बाबासाहेबांनीच खोती नष्ट करण्याचे बिल मांडले. हे लक्षात घेऊन, १९१८ च्या लेखात काय जोडावे लागेल ते लिहा.

या तिसऱ्या प्रश्नावर एका कार्यकर्त्याने कुरकुर केली की बाबासाहेबांच्या लेखात काय नाही असे मुलांना विचारायचे कशाला. आमचे मत वेगळे आहे. लेख नियतकालिकात छापतात तो दुसऱ्यांनी तपासावा म्हणूनच, आणि किटिंगसाहेबांचा लेखकाने ज्या रीतीने समाचार घेतला ती रीत मुलांच्या हाती यायची असेल तर प्रश्न विचारण्याची मुभा सर्वत्र हवी. असो.

वाचनाला आम्ही चार रविवार दिले, दर रविवारी सहा-सात पाने. पहिल्या रविवारी फक्त तीन पूर्वप्रश्न आणि पहिली चार पाने. दुसऱ्यात एकत्रीकरण, तिसऱ्यात 'थांबा' आणि हिशेब, चौथ्यात उपाय व चर्चा. चौथ्या रविवारी सर्वांनी आपला शाईने लिहिलेला 'होय' काढून पाहिला. चौदांपैकी नऊ जणांनी त्याखाली 'नाही' लिहून कारण दिले. तिघांनी 'होय' कायम ठेवले आणि मानसाहेबांच्या बाजूने परिच्छेद क्रमांकासह बोलले; त्यांच्याशी वाद अजून संपलेला नाही. उरलेल्या दोघी म्हणाल्या की प्रश्नच नीट नाही, त्यात 'कशाच्या मानाने लहान' हे यायला हवे होते. पुढच्या खेपेला पुस्तिकेत तो तसाच, 'कशाच्या मानाने' हे शब्द गाळून, ठेवणार आहोत.